फोडी काळ्या पडू नयेत म्हणून

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. पाहुणे यायच्या आधी फळं आणि बटाटे चिरून ठेवायचेत, पण लिंबू पिळलं की सफरचंद आंबट लागतं, असं तू लिहिलंयस. माझं ऐक, सफरचंदाला लिंबू नको, मिठाचं पाणी वापर.

सुरी फिरली की फळाच्या पेशी फुटतात. एरवी वेगवेगळ्या कप्प्यांत असलेली फिनॉल द्रव्यं आणि एक एन्झाइम त्यामुळे एकत्र येतात, आणि हवेतला ऑक्सिजन मिळाला की तपकिरी रंग तयार होतो. मीठ त्या एन्झाइमलाच आवर घालतं. एक कप, म्हणजे साधारण 250 मिली गार पाण्यात अर्धा चहाचा चमचा मीठ पूर्ण विरघळव. चिरलेली फोड लगेच त्यात टाकत जा. सगळं चिरून झाल्यावर टाकू नकोस, तोवर पहिल्या फोडी काळवंडलेल्या असतात. फोडी तरंगतात, म्हणून वर छोटी ताटली ठेव, नाहीतर पाण्याबाहेर राहिलेली बाजू तेवढीच काळी पडते. दहा मिनिटांनी निथळून साध्या पाण्याने धू, कोरड्या कर आणि झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेव. काही तास त्या छान राहतात. धुवायला विसरलास किंवा जास्त वेळ भिजवल्यास तर मात्र खारट लागतील.

लिंबू वाईट नाही. त्याच्या आंबटपणाने एन्झाइम मंदावतं, आणि त्यातलं क जीवनसत्त्व नुकताच बनू लागलेला रंग परत फिरवतं. पण ते त्यात खर्च होत जातं. म्हणून थोडाच रस लावलेली फोड आधी पांढरीशुभ्र दिसते आणि मग बघता बघता काळी पडायला लागते.

केळ्याला मात्र लिंबूच हवं, कारण पाण्यात ते गिळगिळीत होतं. चकत्यांना रस हलक्या हाताने चोळ. तरी माझं मत विचारशील तर केळी अगदी वाढायच्या वेळीच चीर.

बटाट्याचं काम सोपं आहे. साध्या गार पाण्यात पूर्ण बुडवून फ्रिजमध्ये ठेवलेस तर दिवसभर टिकतात. पाण्यात थोडा स्टार्च निघून जातो. तळायचे असतील तर ते चांगलंच, फोडी एकमेकींना चिकटत नाहीत. त्या पाण्यात लिंबू पिळू नकोस, आंबटपणामुळे बटाटा लवकर मऊ शिजत नाही.

उकडलेला बटाटा गार झाल्यावर करडा पडतो, असंही तू विचारलंयस. ते प्रकरण निराळं आहे. शिजताना एन्झाइम मरून गेलेलं असतं. हा रंग बटाट्यातल्या लोहामुळे येतो, त्यामुळे आधी पाण्यात बुडवून ठेवण्याचा इथे उपयोग नाही. तिथे मात्र लिंबू चालतं. बटाटे जवळजवळ शिजत आले की पाण्यात थोडा रस घाल.

तुझाच,
मित्र