धुरातून जिवंत निघालेल्यांचं पुढे काय होतं? – सार्वजनिक आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सविनय नमस्कार.

29 डिसेंबर 2017 च्या मध्यरात्रीनंतर मुंबईत कमला मिलच्या आवारात आग लागली आणि 14 माणसं गेली. त्यातली बहुतेक भाजून नव्हे, धुरात गुदमरून गेली. त्यानंतर जिने, परवाने, अग्निशमन नळकांडी यांवर भरपूर चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. मी भूलतज्ज्ञ आहे, सरकारी रुग्णालयात काम करतो. धुरातून जिवंत निघून कॅज्युअल्टीच्या दारात येणाऱ्या माणसाबद्दल मात्र कुणी बोलताना दिसत नाही, म्हणून हे पत्र.

एक पेशंट सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. खाली गाद्यांचं दुकान, वर घर. पहाटे दुकानाने पेट घेतला. चाळिशीतल्या मालकाला जिन्यातून ओढून काढलं तेव्हा तो अर्धवट शुद्धीत होता. रुग्णालयात पोचेपर्यंत शुद्धीवर आला होता. डोकं ठणकत होतं, दोन उलट्या झाल्या होत्या, अंगावर भाजल्याची खूण नव्हती. बोटाला ऑक्सिमीटर लावला, आकडा 99. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरांनी मास्क काढून त्याला खाटेवर बसवला. त्यांना जे शिकवलं त्याप्रमाणे ते वागले, त्यात त्यांचा दोष काही नाही.

दोष त्या यंत्राच्या मर्यादेचा आहे. ऑक्सिमीटर बोटातून दोन रंगांचा प्रकाश सोडतो आणि त्यावरून हिमोग्लोबिन भरलेलं आहे की रिकामं, एवढंच सांगतो. कशाने भरलंय ते त्याला कळत नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो, आणि ऑक्सिमीटरला ते चिकटलेलं हिमोग्लोबिनही ऑक्सिजनने भरल्यासारखंच दिसतं. म्हणून पेशंट आतून गुदमरत असताना पडद्यावर 99 येतो. रक्तातले वायू तपासणारी आपल्याकडची बरीच साधी एबीजी यंत्रंही याच जाळ्यात अडकतात. ती सॅच्युरेशन मोजत नाहीत, रक्तात विरघळलेल्या ऑक्सिजनवरून गणित करून काढतात. खरा आकडा फक्त को-ऑक्सिमीटर, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन वेगळं मोजणारा भाग, असलेलं यंत्र देतं. त्यासाठी धमनीत सुई घालायचीही गरज नाही, शिरेतलं रक्त चालतं.

मी पोचलो तेव्हा माझं लक्ष आधी त्याच्या आवाजाकडे गेलं. आवाज बसला होता. बायको म्हणाली, "यांचा आवाज असा नाहीये हो." थुंकीत काजळी होती, नाकातले केस जळलेले होते. गरम धुराने घसा आणि स्वरयंत्र भाजलं की सूज लगेच येत नाही, ती पुढच्या काही तासांत चढत जाते. दहा मिनिटांपूर्वी गप्पा मारणारा माणूस तासाभरात श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज काढू लागतो, आणि तेव्हा श्वासनलिकेत नळी घालायला गेलं तर वाट सापडत नाही. धुरातला प्रत्येक पेशंट नळीवर टाकावा असं मी म्हणणार नाही, नुसत्या काजळीसाठी तर नाहीच. पण बदललेला आवाज, गिळायला त्रास, तोंडात सूज किंवा फोड असं काही दिसलं तर थांबू नये. आम्ही थांबलो नाही. आत पाहिलं तर स्वरयंत्राचा वरचा भाग लालभडक आणि फुगलेला होता. नळी कापून आखूड केली नाही, कारण चेहरा सुजला की आखूड नळी आत ओढली जाते.

पूर्ण ऑक्सिजन सुरू होऊन अडीच तास झाल्यावर त्याचं रक्त दुसऱ्या रुग्णालयात तपासलं गेलं. कार्बन मोनॉक्साइड 11 टक्के. तिथल्या कुणीतरी विचारलं, "विडी ओढतो का?" प्रश्न चुकीचा नव्हता, कारण सतत ओढणाऱ्याच्या रक्तात 10 टक्क्यांपर्यंत सापडू शकतो. पण वेळेचा हिशोब करा. साध्या हवेत हे विष निम्मं व्हायला चार ते सहा तास लागतात, पूर्ण ऑक्सिजनवर साधारण सव्वा तास. अडीच तास म्हणजे दोनदा निम्मं. आत्ता 11, तर ऑक्सिजन लावताना 44 च्या आसपास. हा अंदाजच, तरी विडीचा हिशोब नक्कीच नव्हे. म्हणून रक्त कधी घेतलं आणि ऑक्सिजन कधी सुरू केला, या दोन वेळा लिहिल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नसतो. आणि आकडा येईपर्यंत उपचार अडवायचा नसतो.

उपचार तरी काय, ऑक्सिजन. तो कोविडनंतर आपल्याकडे आहे, प्लांट उभे राहिले. अडतं ते मास्कपाशी. पिशवीचा मास्क लावतात आणि फ्लोमीटर पाचावर ठेवतात. पिशवी चपटी पडलेली असते, पेशंट बाजूची हवाच ओढत असतो. पिशवी दर श्वासाला फुगलेली राहिली पाहिजे, त्यासाठी मिनिटाला 15 लिटर लागतात. आणि हे 99 आकडा दिसला म्हणून बंद करायचं नाही. किमान सहा तास, शिवाय डोकेदुखी, मळमळ थांबेपर्यंत चालू ठेवायचं. हिवाळ्यात गॅस गिझर लावलेल्या बंद न्हाणीघरात बेशुद्ध सापडलेल्यालाही हेच लागू. तिथेही हाच वायू साठलेला असतो, पण धूर नाही, काजळी नाही, त्यामुळे फिट किंवा चक्कर म्हणून केस सहज निसटते.

आमचा पेशंट सातव्या दिवशी चालत घरी गेला. तिसऱ्या आठवड्यात बायकोने फोन केला. तो गिऱ्हाइकाला सुटे पैसे देताना अडत होता, तासन् तास गप्प बसायचा, पावलं घासत चालायचा, दोनदा कपड्यांत लघवी झाली होती. गावातल्या डॉक्टरांनी दुकान जळाल्याचा धक्का म्हणून झोपेच्या गोळ्या दिल्या होत्या. एमआरआयमध्ये मेंदूच्या पांढऱ्या भागात दोन्ही बाजूंना बदल होते. बरं वाटून मधे काही दिवस ते काही आठवडे गेल्यावर असं होऊ शकतं, हे वैद्यकशास्त्राला माहीत आहे. ते नक्की टाळणारा उपचार नाही. उच्च दाबाच्या ऑक्सिजनबद्दल अभ्यासांचं एकमत नाही, म्हणून प्रत्येक जिल्ह्यात तशी चेंबर मागायला मी आलेलो नाही. बरेच जण महिन्यांत सुधारतात, काही पूर्ण सुधारत नाहीत. पण निदान झालं तर फिजिओथेरपी सुरू होते, आणि घरचे त्याला आळशी म्हणायचं थांबवतात.

माझ्या मागण्या खर्चिक नाहीत. जिल्हा रुग्णालयांसाठी पुढची एबीजी यंत्रं घेताना निविदेत को-ऑक्सिमेट्री अनिवार्य करावी. 108 च्या गाड्यांना आणि कॅज्युअल्टींना लेखी सूचना जावी की धुरातल्या किंवा गिझरच्या पेशंटचा ऑक्सिजन ऑक्सिमीटर पाहून कमी करू नये. आणि डिस्चार्ज कार्डावर मराठीत चार ओळी छापाव्यात: पुढच्या सहा आठवड्यांत विसरभोळेपणा, स्वभावात बदल, चालण्यात फरक किंवा लघवीवरचा ताबा सुटणं यांपैकी काही दिसलं तर हे कार्ड घेऊन परत या. ते कार्ड पेशंटच्या नव्हे, घरच्यांच्या हातात द्यावं, कारण फरक आधी त्यांनाच दिसतो.

आपला,
ग्रामीण भागातील एक भूलतज्ज्ञ