खर्डे मागण्याआधी करार करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एका प्रकाशकाने लेखकाला पाठवलेले पत्र आपण कालच्या पुरवणीत छापले. लेखनासाठी वापरलेल्या ‘सर्व साधनांची’ माहिती द्यावी, सगळे खर्डे मूळ फाइलींसह पाठवावेत आणि ते तपासल्यावरच करारावर सही होईल, असे त्यात म्हटले आहे. आपल्या टिपणीत या पत्राचे ‘स्वागतार्ह’ म्हणून कौतुक आहे. यातली निम्मी मागणी रास्त आहे, पण उरलेल्या निम्म्या मागणीत मराठी लेखकाचे नुकसान आहे.

रास्त काय ते आधी सांगतो. यंत्राने, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेने, मजकूर लिहून दिला असेल, तर ते प्रकाशकाला कळलेच पाहिजे. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने मार्च 2023 मध्ये स्पष्ट केले की नोंदणीच्या अर्जात यंत्रनिर्मित भाग उघड करावा लागेल आणि त्या भागाला संरक्षण मिळणार नाही. उद्या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद तिकडे गेला, तर प्रकाशक अडचणीत येईल. तेव्हा विचारण्यात काही गैर नाही.

पण ‘सर्व साधने’ म्हणजे काय? बोलून टंकलेखन करणे हे साधनच आहे. जुन्या कात्रणाचा फोटो काढून त्यातला मजकूर उचलणे, शुद्धलेखन तपासणी, श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणारा कन्व्हर्टर, हीही साधनेच. यांतल्या एकानेही वाक्य रचलेले नाही. ॲमेझॉनच्या स्वयंप्रकाशन सेवेने सप्टेंबर 2023 मध्ये हा फरक नेमका केला. मजकूर, चित्र किंवा अनुवाद यंत्राने तयार केला असेल तर तो जाहीर करायचा, मागाहून कितीही दुरुस्त्या केल्या तरीही. लेखन स्वतःचे असेल आणि यंत्राने फक्त तपासले किंवा सुधारले असेल, तर जाहीर करणे बंधनकारक नाही. मराठी प्रकाशकाला एवढी दोन वाक्ये पत्रात घालता आली असती. ती नसल्यामुळे प्रामाणिक लेखक भीतीपोटी शुद्धलेखन तपासणीसुद्धा लिहून देईल आणि ज्याने प्रकरणेच्या प्रकरणे यंत्राकडून लिहून घेतली, तो ‘वर्ड वापरले’ एवढेच लिहून मोकळा होईल.

आता मूळ फाइलींबद्दल, कारण खरी फसगत तिथेच होणार आहे. फाइल उघडून माहितीच्या पानावर `Total Editing Time`, `Created` आणि `Last Modified By` पाहिले की लेखन कसे झाले ते कळते, असा समज दिसतो. मराठी पुस्तक फाइलपर्यंत कसे पोचते ते पाहा. समजा, साठ हजार शब्दांची कादंबरी आहे. लेखकाने ती फुलस्केपवर हाताने लिहिली. पानाला दीडशे शब्द धरले तर चारशे पाने झाली. डीटीपीवाल्याने ती श्रीलिपीत टाइप केली. प्रकाशकाला युनिकोड हवे म्हणून सगळा मजकूर कन्व्हर्टरमधून काढला आणि वर्डच्या नव्या फाइलीत एका फटक्यात चिकटवला. आता फाइल काय सांगते? ती गेल्या आठवड्यात तयार झाली, शेवटचा बदल करणाऱ्याचे नाव डीटीपीच्या संगणकाचे आणि संपादनाचा वेळ जेमतेम वीस मिनिटे. साठ हजार शब्द वीस मिनिटांत! यंत्राकडून लिहून आणून चिकटवलेल्या मजकुराची फाइलही हुबेहूब अशीच दिसते. उलट, ज्याला फसवायचे आहे त्याने फाइल नुसती उघडी ठेवली तरी मिनिटे वाढत राहतात.

खुणा मजकुरातच असतात, पण त्या मुद्रितशोधकाला दिसतात. जुन्या फाँटवरून आलेल्या मजकुरात रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, ऱ्हस्व वेलांटी एक घर सरकते, ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो आणि ‘आचाऱ्यांना’ जेवणाचे पैसे द्यायचे ते ‘आचार्यांना’ दिले जातात. फोटोवरून उचललेल्या मजकुरात ‘घ’चा ‘ध’ आणि ‘भ’चा ‘म’ होतो, अनुस्वार गळतात. बोलून टाइप केलेल्यात बऱ्याचदा विरामचिन्हे नसतात. या चुका पानोपानी एकाच पद्धतीने सापडल्या, तर मजकूर कोणत्या वाटेने आला ते समजते. तो कोणी रचला, हे मात्र त्यांवरूनही सिद्ध होत नाही.

मजकूर तपासून ‘यंत्राने लिहिले’ असे सांगणाऱ्या सॉफ्टवेअरवर तर अजिबात विसंबू नये. ओपनएआयने स्वतः काढलेले असे साधन जुलै 2023 मध्ये अचूकता कमी म्हणून बंद केले. त्यांच्याच चाचणीत यंत्राचा 26 टक्केच मजकूर त्याने ओळखला होता आणि माणसांनी लिहिलेल्या 9 टक्के मजकुरावर खोटा ठपका ठेवला होता. तेही इंग्रजीत. इतर भाषांसाठी ते वापरू नका, असे कंपनीनेच सांगितले होते.

माझा सर्वांत मोठा आक्षेप क्रमाला आहे. करार नाही म्हणजे गुप्ततेचे कलमही नाही. खर्ड्यात नुसता मजकूर नसतो. आत्मचरित्राच्या पहिल्या खर्ड्यात माणसे खऱ्या नावांनी असतात, ती तिसऱ्या खर्ड्यात बदलली जातात. गाळलेली प्रकरणे असतात, पुढच्या पुस्तकाचे आराखडे असतात. कॉपीराइट शब्दांना मिळतो, कल्पनेला मिळत नाही. प्रकाशकाने नकार कळवला तर ते खर्डे कोणाच्या संगणकावर राहिले, कोणत्या तपासणी-साधनात चढवले गेले, हे लेखकाने कोणाला विचारायचे?

प्रकाशकाने आधी फक्त अंतिम संहिता वाचावी. ती पसंत पडली की एका पानाचे निवेदन घ्यावे. यंत्राने रचलेला मजकूर, अनुवाद किंवा चित्र पुस्तकात आहे का, असल्यास कोणत्या पानांवर, एवढेच त्यात असावे. मग करार करावा आणि हे निवेदन त्याला जोडावे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 प्रमाणे हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच व्हावे लागते, मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षे धरली जाते. इतका नेमकेपणा करारात पाळता, तर खर्ड्यांचे कलमही तितकेच नेमके लिहा. शंका आली तर प्रकाशकाने संहितेतली कोणतीही दहा पाने निवडावीत आणि लेखकाने त्या पानांचे आधीचे खर्डे समोरासमोर बसून दाखवावेत. खोडाखोड, समासातले बाण, जागा बदललेले परिच्छेद पाहून, आणि ‘हे का काढलेत?’ असे दोन-चार ठिकाणी विचारून, जाणत्या संपादकाला तासाभरात पुष्कळ कळते. चारशे पाने स्कॅन करायला सत्तरीच्या लेखकाला बसवण्याची गरज नाही. प्रती ठेवायच्या नाहीत, कोठेही चढवायच्या नाहीत, हेही कलमात हवे. आणि निवेदन खोटे निघाले तर नक्की काय होणार, आगाऊ रक्कम परत की छापलेल्या प्रतींचा खर्चही, हे आकड्यांत लिहावे. ‘सर्व नुकसानभरपाई’ अशा मोघम शब्दांवर कोणी सही करू नये.

उघड करण्याचे बंधन दोन्ही बाजूंना हवे. मुखपृष्ठ, मलपृष्ठावरचा मजकूर आणि अनुवाद यंत्राकडून करून घेणार असाल, तर लेखकाला आधी कळवा आणि त्याची लेखी संमती घ्या.

याच कारणासाठी आपल्यालाही एक विचारायचे आहे. गेले काही महिने पुरवणीतल्या चित्रांखाली चित्रकाराचे नाव येत नाही. कालच्या त्या टिपणीसोबतच्या चित्रातही हाताला सहा बोटे आहेत. ते चित्र कोणी काढले, हे पुढच्या रविवारी छापावे.

आपला,
एक मुद्रितशोधक, पुणे