माझ्या हातून कॉलर सोडवणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही आमच्या दुकानात ब्लाउजची उसवलेली बाही घेऊन आला होतात आणि मी तुमच्यापुढे भाच्याने टाइप केलेला माझा बायोडाटा ठेवला होता. कारखान्यातल्या नोकरीचा तुमचा अनुभव मला माहीत होता, म्हणून म्हटलं, जरा नजर घाला. त्यात काय होतं ते आठवलं की अजून हसू येतं. "शिलाईकामाचा 19 वर्षांचा अनुभव. सर्व प्रकारच्या मशीन चालवता येतात. मेहनती व प्रामाणिक. टीम हाताळण्याची क्षमता." तुम्ही वाचलंत आणि एवढंच विचारलंत, "मास्तर, दिवसाला शर्ट किती निघतात?" मी म्हणालो, "निघतात की भरपूर." तुम्ही कागद परत माझ्या हातात दिलात.

आज मी कपड्यांच्या कारखान्यात सुपरवायझरच्या हाताखाली लाइनवर उभा राहतो. पगाराच्या पाकिटापेक्षा तुमच्या त्या प्रश्नाचं ऋण मोठं आहे, म्हणून हे पत्र. शिवाय आपल्या सोलापुरात युनिफॉर्म शिवणारे माझ्यासारखे पुष्कळ आहेत, त्यांच्याही वाचनात यावं म्हणून उघडंच लिहितोय.

मशीनचं काम तुम्ही अर्ध्या तासात उरकलंत. "सर्व मशीन" खोडायला लावलंत आणि कागदाचे तीन भाग पाडलेत : रोज चालवतो ती, चालवता येते ती आणि नुसती पाहिलेली. पहिल्या भागात सिंगल नीडल आणि ओव्हरलॉक आली. दुसऱ्यात काजाची आणि बटणाची, कारण गर्दीच्या दिवसांत मी त्या दुसऱ्याच्या युनिटमध्ये जाऊन चालवतो. शर्टाची बगल आणि बाही एका दमात जोडणारी फीड ऑफ द आर्म तिसऱ्या भागात गेली. मला ते लाजिरवाणं वाटत होतं. तुम्ही म्हणालात, "लिहा. ट्रायलला बसवतील तेव्हा काय कराल?" प्रत्येक मशीनपुढे ती बिघडली तर मी स्वतः काय काय करतो, तेही लिहायला लावलंत : सुई बदलणं, दोऱ्याचा ताण बसवणं, लूपर ओवणं. टायमिंग मिस्त्रीकडे, हेही तिथेच.

खरी गंमत आउटपुटची. जूनच्या तोंडावर शाळेच्या शर्टांचं जॉबवर्क चालू होतं तेव्हा तुम्ही दोन दिवस स्टुलावर बसून घड्याळ लावलंत. आम्ही मशीनवर पाच जण, आठ तास, म्हणजे 2400 मिनिटं. एका शर्टाचं सगळं शिलाईकाम मिळून तुमच्या मोजणीत 22 मिनिटं भरलं आणि शर्ट निघत होते 60. म्हणजे 1320 मिनिटांचं काम, 55 टक्के. मला वाटलं, बायका गप्पा मारतात म्हणून असेल. तुम्ही वही माझ्याकडे फिरवलीत. खिसा, कफ, बाही, खालचा घेर, कुठलीच माणसं एका शर्टाला चार मिनिटांच्या फार वर नव्हती. कॉलर बनवून बसवायला मात्र आठ मिनिटं लागत होती, आणि 480 ला आठने भागलं की 60 च येतात. कॉलरवर कोण होतं? मीच. "कॉलर दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही" हे आमच्या वडिलांचं वाक्य मी एकोणीस वर्षं सांभाळलं होतं, आणि त्यापायी चार माणसं माझ्या हाताकडे बघत बसत होती.

तुम्ही पूर्ण कॉलर सोडायला सांगितली नाहीत, हे बरं केलंत. मी ऐकलंच नसतं. फक्त कॉलरचे पदर जोडून उलटवायचं काम, एक मिनिट वीस सेकंदांचं, कफवाल्या वहिनींकडे द्यायला सांगितलंत. पहिले तीन दिवस टोकं वाकडी आली. मग मी पुठ्ठ्याचा ढाचा कापून दिला, त्यावरून पेन्सिलीची रेघ मारायची आणि रेघेवरच टीप घालायची. वहिनींच्या पीसरेटचा प्रश्न आला तो मी माझ्या वाट्यातून सोडवला. माझी वेळ 6 मिनिटं 40 सेकंदांवर आली आणि महिनाअखेरीला रोजचे शर्ट 72 च्या आसपास स्थिरावले. त्याच 22 मिनिटांच्या हिशेबाने 66 टक्के. तेव्हा कुठे तुम्ही ती ओळ बायोडाट्यात लिहू दिलीत, तीही "पाच मशीन, एकच स्टाइल, स्वतः मोजलेला वेळ" असं स्पष्ट करून. "याला एसएएम, म्हणजे कारखान्यात एका पीसला धरतात तो प्रमाण वेळ, म्हणू नका," तुम्ही बजावलंत, "तो रेटिंग आणि सवलतीचे टक्के धरून ठरवतात. आपण नुसतं घड्याळ लावलंय."

क्वालिटीला आमच्याकडे आकडाच नव्हता. गिऱ्हाइकाने परत आणलं तर दोष, नाहीतर नाही. तुम्ही रोज 50 शर्ट तपासून वहीत नोंदवायची सवय लावलीत. पहिल्याच दिवशी सहा शर्टांत सात दोष सापडले, एकात टाका सुटलेला आणि बटणही सरकलेलं. मी 12 टक्के लिहिलं. तुम्ही सांगितलंत की दोषी शर्ट 12 टक्के खरे, पण कारखान्यात डीएचयू विचारतात, म्हणजे शंभर पीसमागे दोष, आणि ते 14 होतात. दोन्हींत गल्लत केली की समोरचा लगेच ओळखतो. सातांतले तीन दोष सरकलेल्या बटणांचे होते, कारण खुणा नजरेच्या अंदाजाने होत होत्या. बटणपट्टीलाही ढाचा केला आणि पुढच्या आठवड्यात डीएचयू आठ-नऊवर आला. मी "पाच" लिहू का विचारलं होतं, त्यावर तुम्ही ज्या नजरेने पाहिलंत ती विसरलो नाही.

"टीम हाताळण्याची क्षमता" काढून तिथे काय आलं? पाच कारागिरांची हजेरी, कामाचं वाटप आणि पीसरेटचा हिशेब. कॉलर येणारी माणसं एकाची दोन झाली. कुणी रजेवर असलं तर त्या जागी कोण बसतं, त्याचा भिंतीवर लावलेला तक्ता. सगळं मिळून एक पान.

मुलाखतीत मॅनेजरसाहेबांनी 72 वर बोट ठेवलं आणि 60 का होते ते विचारलं. मी म्हणालो, "माझ्यामुळे." मग त्यांनी सुई तुटली तर काय करता ते विचारलं. सगळे तुकडे सापडेपर्यंत तो पीस बाजूला, तुकडे चिकटपट्टीने रजिस्टरमध्ये आणि मगच नवी सुई, हे तुम्हीच शिकवलेलं होतं. फीड ऑफ द आर्मवर बसवलंच. बाही तिरकी गेली. ते म्हणाले, लिहिलंयत तसंच आहे.

थेट सुपरवायझर नाही केलं. सहा महिने असिस्टंट. लाइनवर 28 मशीन आहेत आणि तासातासाला बोर्डावर आकडा लिहायचा असतो. परवा अकराच्या तासाला आकडा घसरला आणि माझा हात सवयीने कॉलरच्या मशीनकडे गेला. खुर्ची ओढली, मग तशीच परत सरकवली आणि घड्याळ काढलं. गठ्ठे बाहीपाशी साचले होते.

तुमची बाही तेवढी अजून माझ्याकडेच राहिली आहे. रविवारी घेऊन येतो.

तुमचा,
मास्तर