साडेदहाला टीव्ही आपोआप बंद होईल

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

काल रात्री सुखरूप पोचले. आई, तू बांधून दिलेल्या दशम्या गाडीतच संपल्या. आता जे फोनवर बोलायचं टाळलं, ते लिहिते. बाबा, निघायच्या आदल्या दिवशी तुम्ही दुपारी झोपला होतात, तेव्हा मी टीव्हीच्या सेटिंगमध्ये एक बदल करून आले आहे. तुम्हाला न विचारता केला, हे चुकलंच. पण तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही "मला काय झालंय?" म्हणाला असतात आणि विषय तिथेच संपला असता. माईआत्याच्या वेळी आपण असंच "बघू, बघू" करत बसलो होतो.

आधी हे वाचा, मग रागवा. तुमची बातम्यांची वाहिनी, आईची साडेआठची मालिका, चॅनलचे नंबर, आवाज, यातलं काहीच हललेलं नाही. दोन्ही रिमोट होते तिथेच आहेत. फक्त रोज रात्री साडेदहाला टीव्ही आपला आपण बंद होणार आहे.

हे का केलं ते सांगते. बाबा, दिवाळीनंतर तुम्ही रात्री हॉलमध्ये अडखळलात आणि टीपॉयचा कोपरा नडगीला लागला, ते आईने मला आठ दिवसांनी सांगितलं. "टीव्ही बिघडलाय, रात्री मधेच बंद पडतो, अंधार झाला म्हणून ते दचकून उठले," असं तिचं म्हणणं. टीव्हीवाला येऊन बघून गेला, त्याला काही सापडलं नाही. मग मी आईला तीन-चार दिवस वेळ लिहून ठेवायला सांगितलं होतं, आठवतं? कॅलेंडरच्या मागे तिने पेन्सिलीने लिहिलं होतं. एकदा १.४०, एकदा २.३०, आणि एक नोंद भर दुपारची, १.३०. बाबा, त्या दिवशी तुम्ही सकाळी साडेनऊला मॅच लावून बसला होतात.

तो कागद समोर ठेवून बसले तेव्हा उलगडलं. टीव्ही बिघडलेला नाहीच. त्यात `Auto Power Off` नावाची एक सोय असते. टीव्हीला जर चार तास कुणी हात लावला नाही, तर तो समजतो की खोलीत कुणी नाही आणि वीज वाचवायला स्वतःला बंद करतो. आता हे चार तास तो कधीपासून मोजतो, ते महत्त्वाचं. तो फक्त त्याच्या स्वतःच्या रिमोटची बटणं ओळखतो. चॅनल आपण सेटटॉप बॉक्सच्या रिमोटने बदलतो, त्याचा टीव्हीला पत्ताच नसतो. तुम्ही बॉक्सवर पन्नास वेळा चॅनल बदललंत तरी टीव्हीच्या हिशेबी घरात सामसूम. टीव्हीचा रिमोट तुम्ही हातात घेता तो एकदाच, रात्री ९.४० च्या सुमाराला बातम्यांचा आवाज वाढवायला. तिथून चार तास म्हणजे १.४०. ज्या दिवशी आईने साडेदहाला आवाज कमी केला, त्या दिवशी २.३०. आणि मॅचच्या दिवशी साडेनऊला टीव्ही लावल्यावर त्याच्या रिमोटला कुणी हात लावला नाही, म्हणून दीड. तिन्ही वेळा बरोबर जुळल्या. आई, तुझ्या त्या पेन्सिलीच्या नोंदी नसत्या तर मला हे कधीच कळलं नसतं.

बंद व्हायच्या आधी मिनिटभर पडद्यावर सूचना येते, पण तेव्हा तुमचा डोळा लागलेला असतो, चष्मा पोटावर. आणि खरी गोष्ट अशी आहे बाबा, की रात्री हॉलमध्ये दुसरा दिवा नसतो, टीव्हीचाच उजेड असतो. तो गेला की काळामिट्ट अंधार, आणि चालू आवाज एकदम थांबला की झोपलेल्या माणसाला जाग येते. म्हणजे हे यंत्र तुम्हाला रोज पावणेदोनच्या सुमाराला, अंधारात, आई गाढ झोपेत असताना उठवत होतं. यात तुमच्या वयाचा काही संबंध नाही. तिथे मी असते तरी धडपडले असते.

म्हणून मी `Off Timer` लावला. तो चार तास वगैरे मोजत नाही, घड्याळाप्रमाणे चालतो. साडेदहाच का, तर तेव्हा आई जागी असते, स्वयंपाकघरातला ओट्यावरचा दिवा चालू असतो, विरजण लावायचं राहिलेलं असतं. जाग यायचीच असेल तर ती तेव्हा यावी. तुम्ही उठाल, आईशी दोन शब्द बोलाल, गोळी घेतली का ते ती विचारेल, आणि खुर्चीऐवजी पलंगावर झोपाल. मानेचं दुखणंसुद्धा थोडं कमी होईल असं मला मनापासून वाटतं.

एखाद्या दिवशी बघायचंच असेल, मॅच रंगली असेल, तर खुशाल बघा. बंद झाला की लाल बटण दाबून पुन्हा लावा, त्याने काही बिघडत नाही. मात्र त्या रात्री मग साडेदहाची राखण संपलेली असते, जुना चार तासांचा हिशेब पुन्हा सुरू होतो. तो मी मुद्दाम काढून टाकला नाही, कारण कधी टीव्ही पहाटेपर्यंत चालू राहिलाच तर तेवढा आधार असावा. तेव्हा अशा रात्री आईने झोपायला जाताना टीव्हीच्या रिमोटवर `Sleep Timer` मध्ये ३० लावायचं. चक्राचं चित्र असलेलं बटण, त्यात `Time`, त्यात `Sleep Timer`. आई, तुला दोनदा करून दाखवलंय आणि दोन्ही वेळा तुला जमलंय. हा टायमर त्या एका रात्रीपुरताच असतो, दुसऱ्या दिवशी तो विसरून जातो.

एक अडचण मात्र आहे. टीव्हीचं घड्याळ वायफायवरून वेळ घेतं. लाइट जाऊन आली आणि वायफायचा डबा नीट सुरू झाला नाही, तर टीव्हीला किती वाजले तेच कळत नाही आणि साडेदहा कधी उजाडतच नाहीत. बाबा, तुम्ही रात्री घरभर बटणं बंद करत फिरता, तेव्हा वायफायचं बटण राहू द्या, मी त्यावर लाल टिकली लावली आहे. आणि लाइट जाऊन आली की त्या दिवशी टीव्हीच्या वेळेवर एकदा नजर टाका. वेळ चुकीची दिसली तर समजायचं की आज टीव्ही आपला आपण बंद होणार नाही.

आता ओवीचं. दादा-वहिनी यायच्या आत ती खाली तुमच्याकडे असते ते मला खूप बरं वाटतं. पण आई, तिला टीव्ही बंद करायला सांगताना रोज तू वाईट होतेस, ते मी चारही दिवस पाहिलं. तिच्यासाठी `Auto Power Off` चा काडीचा उपयोग नाही. ती टीव्हीतल्याच यूट्यूबवर बघते, टीव्हीचाच रिमोट दाबत असते, म्हणजे चार तास दर वेळी नव्याने सुरू. तिच्यासाठी `Sleep Timer`, आणि तो तिच्याच हाताने लावायचा.

पहिल्या दिवशी मी ३० लावलं आणि फसले. तिची गोष्ट अकरा मिनिटांची असते. दोन झाल्या की बावीस मिनिटं, मग तिसरी आपोआप सुरू झाली आणि ऐन रंगात आली असताना टीव्ही गेला. काय आकांत केला तिने! तिचं बरोबरच होतं, अर्धी गोष्ट कुणालाच सोसत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी यूट्यूबच्या सेटिंगमधलं `Autoplay` बंद केलं. आता दुसरी गोष्ट संपली की पडदा थांबतो, तिसरी येतच नाही. तेव्हा ओवीनेच लाल बटण दाबायचं आणि "टीव्ही झोपला" म्हणायचं. टायमरची उरलेली आठ मिनिटं ही फक्त राखण, ती रेंगाळलीच तर. तिने आधी बंद केला तर आपल्या टीव्हीत तो टायमर पुसला जातो, मी तपासून पाहिलं, त्यामुळे तुझी साडेआठची मालिका मधेच तुटणार नाही. तिच्या दोन गोष्टी आठच्या आत उरकायच्या, म्हणजे तिला झोपायला तासभर मोकळा राहतो. आणि रिमोट नंतर फडताळाच्या वरच्या कप्प्यात. टायमर काढून टाकणं पाच वर्षांच्या मुलीला सहज जमतं.

"टीव्ही झोपला" हे तुमचंच आहे, बाबा. त्या शटरच्या टीव्हीवरचा रविवारचा सिनेमा संपला की तुम्ही आईने विणलेलं क्रोशाचं झाकण घालायचात आणि मला कडेवर घेऊन म्हणायचात, "बघ, तोपण झोपला, आता शूऽऽ." मी झाकणाखालून हात घालून बघायचे, काच अजून कोमट असायची, आणि मला वाटायचं त्याला खरंच झोप लागली आहे. तुमच्या खांद्याला तेव्हा खोबरेल आणि तंबाखूच्या डबीचा वास यायचा. ओवी परवा तसंच काचेला हात लावून बघत होती, मला पुढे बोलवेना.

बरं, आता ऐका. हॉलपासून बाथरूमपर्यंत तीन ठिकाणी प्लगमध्ये लहान दिवे लावलेत, अंधार झाला की ते आपोआप लागतात. ते काढून तिथे मोबाइलचे चार्जर लावायचे नाहीत. टीपॉय खिडकीकडे सरकवलाय, तो तिथेच राहील, चहाचा कप ठेवायला खुर्चीच्या उजव्या हाताला स्टूल आहे. रात्री उठलात तर आधी मिनिटभर बसून राहा, मग उभे राहा. आणि आई, नडगीला लागलं तर त्याच दिवशी सांगायचं, आठ दिवसांनी नाही.

साडेदहा फार लवकर वाटलं तर आठ दिवस बघा आणि मला कळवा, अकरा करू. अकराला आई जागी असेल का, तेवढं मात्र तिलाच विचारा. मी शनिवारी रात्री १०.३५ ला फोन करेन. बाबा, उचलाल ना?

तुमची,
मनू