रीडिंग लिस्ट वाचायला शिकवणाऱ्या ताईला

ताई, व्हॉट्सअ‍ॅपवर थँक्यू म्हटलं की तू नुसता अंगठा पाठवतेस, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय. इकडे यायची तयारी करणाऱ्या पोरापोरींच्याही कामाला येईल.

मी लातूरकडचा, दहावीपासून बीएपर्यंत गाईड, अपेक्षित प्रश्न आणि मुद्देसूद उत्तरं पाठ, मार्कही चांगले पडायचे. मँचेस्टरला मास्टर्सला आलो तर सेमिनारला तीन-चार पेपर वाचून जायचं, दहा-बारा जण टेबलाभोवती, आणि सर शिकवतच नाहीत, नुसतं विचारतात, "मग, पटलं का?" आता छापून आलेलं पटायचं-न पटायचं काय असतं हेच मला कळेना! मी आपला पहिल्या ओळीपासून हायलायटर मारत बसायचो, अख्खं पान पिवळं. पहिल्या निबंधाला ५८ मिळाले (इथे ५० ला पास आणि ७० च्या पुढे डिस्टिंक्शन, हे माहीत नव्हतं म्हणून अजूनच हादरलो) आणि खाली शेरा, फारच वर्णनात्मक.

तू तो निबंध वाचलास आणि म्हणालीस, "अरे, कोण काय म्हणालं ते सगळं आलंय, पण कोणाचं कुठे कमी पडतं ते कुठंय?" मग गॅरेट हार्डिन या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाचा पेपर काढायला लावलास, १९६८ चा, सायन्स नावाच्या जर्नलमधे आलेला, सामायिक कुरणावर प्रत्येक गुराखी एकेक जनावर वाढवत जातो आणि शेवटी कुरणच संपतं तो. आधी फक्त सुरुवात आणि शेवट वाच म्हणालीस, मग मधल्या हेडिंग्ज, आणि मग कागदावर चार ओळी: हा काय म्हणतोय, कोणाच्या विरोधात म्हणतोय, पुरावा काय देतोय, आणि हे कुठे लागू पडणार नाही.

पहिली ओळ लिहितानाच गंमत कळली, की पेपर मुळात कुरणाबद्दल नाहीच, लोकसंख्येबद्दल आहे, कुरण फक्त उदाहरण. तिसऱ्या ओळीला मी अडकलो, कारण पुरावा शोधतोय तर कुरणाला गावाचं नाव नाही, साल नाही, सगळं कल्पनेतलं, आणि ते गुराखी एकमेकांशी बोलतच नाहीत! तू म्हणालीस, हेच लिही की. मग एलिनॉर ऑस्ट्रॉम या सामायिक साधनांचा अभ्यास करणाऱ्या बाईंचं १९९० चं पुस्तक उघडलं, त्यात स्वित्झर्लंडमधलं टोर्बेल गाव, तिथे १५१७ सालचा लेखी नियम की हिवाळ्यात जेवढ्या गायी पोसू शकतो तेवढ्याच डोंगरावरच्या कुरणात न्यायच्या. म्हणजे कुरण सामायिक होतं पण मोकाट नव्हतं. हार्डिनने स्वतःही नंतर मान्य केलं की त्याला बिनव्यवस्थेचं कुरण म्हणायचं होतं. हा पेपर आणि हे पुस्तक नुसतं वाचलं असतं तर दोन वेगळी उत्तरं पाठ केली असती, चार ओळी शेजारी-शेजारी ठेवल्या तेव्हा भांडण दिसलं.

बोलायचं कसं तेही तूच सांगितलंस. पहिल्या दहा मिनिटांत काहीतरी बोलायचं, नाहीतर जसजसा वेळ जातो तसतसं तोंड उघडणं अवघड होतं आणि आपला मुद्दा दुसराच कोणीतरी मांडून मोकळा होतो. भाषण तयार करून न्यायचं नाही, पान नंबर टाकून एक प्रश्न न्यायचा. आणि दुसऱ्याच्या बोलण्याला धरून बोलायचं, "ती म्हणाली ते खरंय, पण नियम मोडणाऱ्याला दंड कोण करणार?" असं. सरांचं म्हणणं खोडलं तरी ते रागावत नाहीत यावर विश्वास बसायला मला बराच वेळ लागला, आपल्याकडे असं केलं असतं तर थेट "जास्त शहाणा झालास का" ऐकलं असतं.

एक मात्र सांगतो, तुझी चार ओळींची युक्ती सगळीकडे चालत नाही. थिअरीवाल्या काही लेखांत सुरुवातीला काही सांगितलेलंच नसतं, तिथे दोन परिच्छेद घेऊन हळूहळूच वाचावं लागतं. आणि पाठांतराला तू जेवढी नावं ठेवतेस तेवढं ते वाईट नाही गं, कोणी काय म्हटलं ते सेमिनारमधे कागद न बघता आठवतं ते त्याच सवयीमुळे.

टोर्बेलसारखंच आपल्याकडच्या गायरानाकडेही बघता येईल हा मुद्दा मी वर्गात मांडला तेव्हा सरांनी पुढे होऊन विचारलं होतं, आणि त्यावरूनच डिझर्टेशनचा विषय ठरला, पण तू काढलेली खोच अजून सुटत नाहीये. गावाने मिळून नियम केले म्हणजे कोणी केले, दादासाहेब गायकवाडांच्या १९६४ च्या सत्याग्रहात भूमिहीनांना पडीक जमीन मागावी लागली ती याच गावांमधे ना? माझं म्हणणं आहे की ऑस्ट्रॉमच्या चौकटीत हे बसवता येतं, कुरणावर हक्क कोणाचा आणि कोणाचा नाही ही सीमा कोण ठरवतं हा प्रश्न ती विचारतेच. तुला पटणार नाही माहितीये. शनिवारी पोहे करतोय, ये, आणि तुझं म्हणणं पान नंबरसकट आण.