शिक्का बुधवारचा, भुर्दंड एकोणीस हजारांचा

मा. संपादक,

माझे थोरले बंधू शिरोली एमआयडीसीत टर्नर आहेत. एका गुरुवारी रात्री त्यांच्या बचत खात्यातून परगावच्या एटीएममधून साडेनऊ हजार रुपये दोनदा निघाले. कार्ड त्यांच्या खिशात होते आणि पिन त्यांनी कुणालाही सांगितला नव्हता. मेसेज लगेच आला होता, पण त्यांनी तो वाचला रविवारी.

मंगळवारी अर्धी सुट्टी टाकून ते शाखेत गेले. "आधी पोलिसांचा कागद आणा, मग अर्ज घेतो," असे उत्तर मिळाले. बुधवारी कागद घेऊन गेल्यावर अर्जावर शिक्का बसला, तोही बुधवारचा. त्या एका दिवसाने सगळे पैसे गेले.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक ग्राहकाची नाही आणि बँकेचीही नाही, अशा फसवणुकीत मेसेज मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवले तर ग्राहकावर एक पैशाचीही जबाबदारी येत नाही. मेसेजचा दिवस मोजायचा नसतो, शाखेच्या सुट्ट्याही नाहीत. शुक्रवार पहिला दिवस. शनिवार महिन्यातला दुसरा, म्हणून बंद, आणि पुढे रविवार. सोमवार दुसरा, मंगळवार तिसरा. म्हणजे दादा मुदतीतच गेले होते!

चौथ्या ते सातव्या दिवशी कळवले तर नेहमीच्या बचत खात्यात ग्राहकाच्या जबाबदारीला दहा हजारांची मर्यादा आहे. ती दर व्यवहाराला लागते, एकूण नुकसानीला नव्हे, हे फार थोड्यांना माहीत असते. साडेनऊ हजारांचे दोन्ही व्यवहार मर्यादेच्या आत बसले आणि एकोणीस हजार दादांच्याच माथी आले. सात दिवस उलटले, की बँकेच्या स्वतःच्या धोरणावर सगळे अवलंबून. ओटीपी किंवा पिन आपणच दिला असेल तर हे तीन दिवसही मिळत नाहीत. कळवेपर्यंतचे सगळे नुकसान आपले, त्यानंतरचे बँकेचे.

पोलिसांचा कागद आणल्याशिवाय तक्रार घ्यायची नाही, असे त्या परिपत्रकात कुठेही नाही. उलट चोवीस तास तक्रार घेण्याची सोय ठेवणे, तक्रार क्रमांक देणे आणि वेळ नोंदवणे हे बँकेचे काम आहे. जबाबदारी ग्राहकाची आहे हे सिद्ध करण्याचा भारही बँकेवरच आहे. दादांनी रविवारीच हेल्पलाइनला फोन करून क्रमांक लिहून घेतला असता, तर शाखेच्या शिक्क्यावर काही अडलेच नसते. पण तो नंबर त्यांना कुणी सांगितला होता?

डिसेंबर २०१७ पासून हेच नियम सहकारी बँकांनाही लागू आहेत आणि आपल्या जिल्ह्यात तर गल्लोगल्ली त्यांची खाती आहेत. प्रत्येक शाखेने पासबुक छापण्याच्या यंत्राशेजारी तक्रारीचा नंबर आणि तीन दिवसांची मुदत मोठ्या मराठी अक्षरांत लावावी. तोंडी आलेल्या तक्रारीलाही त्याच दिवशीची पोच द्यावी.

— एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर