परवान्याच्या निकषात न बसणारे ‘प्रशिक्षक प्रमाणपत्र’ दिल्याबद्दल तक्रार आणि रक्कम परत करण्याची मागणी

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

तालुक्याच्या गावी एका गाडीवर छोटे ड्रायव्हिंग स्कूल काढायचे म्हणून मी आपल्या कंपनीचे ‘स्कूल उभारणी पॅकेज’ ४५,००० रुपयांना घेतले. आमच्याकडच्या बायकांना गाडी शिकायला जिल्ह्याच्या गावी जावे लागते आणि शिकवणारी बाई तर तिथेही मिळत नाही. त्यासाठीच हा खटाटोप होता. माझा अर्ज मोटार वाहन निरीक्षकांनी तपासणीत थांबवला, तो आपण दिलेल्या प्रशिक्षक प्रमाणपत्रावरून.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम २४ याबाबत स्पष्ट आहे. शिकवणारा किमान दहावी पास हवा, त्याला गाडी चालवण्याचा पाच वर्षांचा अनुभव हवा आणि शिवाय मोटर मेकॅनिक अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र किंवा यांत्रिकी अभियांत्रिकीतली त्याहून वरची पात्रता हवी. ही पात्रता सरकारी किंवा तंत्रशिक्षण मंडळाने मान्य केलेल्या संस्थेची असावी लागते. मी बारावी पास आहे आणि अनुभवही पाच वर्षांहून जास्त आहे. राहिली तांत्रिक पात्रता, आणि तिच्या जागी आपण मला तीन दिवसांच्या ऑनलाइन वर्गाचे ‘अधिकृत मोटार प्रशिक्षक’ असे छापलेले प्रमाणपत्र दिले. त्यावर ना मंडळाचे नाव, ना संस्थेचा मान्यता क्रमांक. निरीक्षकांनी ते पाहून एवढेच विचारले, “ही संस्था कुणाची मान्यता असलेली?” आपल्या प्रतिनिधीला मी तिथूनच फोन लावला, पण त्यांना उत्तर देता आले नाही.

सर्वांत जास्त राग पुढच्या गोष्टीचा आहे. ही पात्रता अर्जदाराची स्वतःचीच हवी असे नियम म्हणत नाही. अर्जदाराची किंवा त्याने नेमलेल्या कर्मचाऱ्याची चालते. आमच्याच गल्लीत आयटीआयतून मोटर मेकॅनिक झालेला, कित्येक वर्षे गाडी चालवणारा मुलगा आहे आणि तो माझ्याकडे नोकरीला तयार होता. त्याची कागदपत्रे अर्जाला जोडली असती तर ही अट तिथेच पूर्ण झाली असती. मी त्याच्याबद्दल सांगितल्यावर आपल्या प्रतिनिधीने लेखी कळवले, “गरज नाही, आमचे सर्टिफिकेट पुरेसे आहे.” तो संदेश सोबत जोडला आहे.

बाकी तयारीत काही कमी नव्हते. गाडीत प्रशिक्षकाच्या बाजूला क्लच आणि ब्रेकचे दुहेरी नियंत्रण बसवलेले होते, वर्गाची खोली भाडेकराराने घेतलेली होती आणि वाहतूक चिन्हांचे तक्ते, फळा, सुट्या भागांचे नमुने जागेवर होते. त्या खोलीचे भाडे मी अजून भरते आहे. ही गाडी फक्त शिकवण्यासाठीच ठेवावी लागते, त्यामुळे तिच्यावर दुसरा काही धंदाही करता येत नाही.

दुसरी तक्रार जाहिरातीची. आपण छापून दिलेल्या पत्रकावर आणि फलकावर ‘शासनमान्य अधिस्वीकृत केंद्र, आरटीओच्या चाचणीशिवाय लायसन्स’ असे लिहिले आहे. ही सवलत अधिस्वीकृत चालक प्रशिक्षण केंद्रांना आहे. त्यांचे नियम वेगळे आहेत आणि ते १ जुलै २०२१ पासून लागू झाले. हलक्या वाहनांच्या केंद्राला तिथे किमान एक एकर जागा लागते आणि अभ्यासक्रम चार आठवड्यांत २९ तासांचा असतो. मी अर्ज केला तो नमुना ११ मधल्या साध्या स्कूलच्या परवान्यासाठी. अशा स्कूलच्या विद्यार्थ्याला २१ दिवसांच्या शिकवणीत किमान दहा तास प्रत्यक्ष गाडी चालवायला मिळते आणि शेवटी नमुना ५ चे प्रमाणपत्र मिळते, पण आरटीओची चाचणी त्याला द्यावीच लागते. माझी एका खोलीची जागा आपण येऊन पाहिली होती. एक एकराच्या केंद्राची जाहिरात तिच्यासाठी कशी छापली, याचे उत्तर मला हवे आहे. ते पत्रक वाचून ज्या बायकांनी नावे नोंदवली, त्यांना घरोघरी जाऊन मी खरे सांगितले आणि घेतलेले आगाऊ पैसे परत केले.

माझ्या मागण्या अशा आहेत. पॅकेजमधले १०,००० रुपये शासकीय शुल्क म्हणून भरल्याची पावती माझ्याकडे आहे, ते मी मागत नाही. उरलेले ३५,००० रुपये परत करावेत. अर्ज थांबल्यापासूनचे खोलीभाडे भरून द्यावे. मूळ भाडेकरार आणि दुहेरी नियंत्रण बसवल्याचे बिल आपल्याकडे आहे, ते लगेच पाठवावे, कारण त्या मुलाला कर्मचारी नेमून मी नव्याने कागद देणार आहे. तीन दिवसांचे ते प्रमाणपत्र ‘परवान्यासाठी चालते’ असे सांगून विकणे बंद केल्याचे लेखी कळवावे.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन.

आपली,
पॅकेजची ग्राहक

सोबत : पैसे भरल्याची पावती, प्रतिनिधीचा संदेश, प्रशिक्षक प्रमाणपत्राची प्रत, छापील पत्रक, निरीक्षकांच्या शेऱ्याची प्रत